टीममधला सहकारी अचानक गेला, त्याचं टार्गेट आमच्यावर वाटलंय. मॅनेजरशी कसं बोलू?

मदत हवी आहे. आमच्या सेल्स टीममधला एक जण हार्ट अटॅकने अचानक गेला. आदल्या संध्याकाळपर्यंत आमच्याशी फोनवर बोलत होता. कंपनीने शोकसभा घेतली, दोन मिनिटं उभे राहिलो आणि त्याच आठवड्यात मेल आला की त्याचे क्लायंट आम्हा चौघांत वाटलेत आणि त्याचा या क्वार्टरचा उरलेला आकडापण आमच्यात मिळवलाय.

माझ्या वाट्याला त्याचे जुने क्लायंट आलेत. फोन लावला की पहिलंच विचारतात, साहेब कुठायत, मग मलाच सांगावं लागतं, समोरचा गप्प होतो, आणि त्यानंतर मी ऑर्डरचं कसं विचारू? सिस्टीममध्ये त्याच्या नोंदी तशाच आहेत, "मुलीची परीक्षा, पुढच्या सोमवारी फोन करणे" असं लिहिलेलं वाचलं की पुढचा कॉल लावायला हातच उचलत नाही.

मॅनेजर वाईट माणूस नाही, त्याच्यावरही वरून प्रेशर आहे. म्हणून नुसतं "वेळ द्या" न म्हणता दोनच गोष्टी मागायच्या म्हणतोय: त्याचा आकडा या क्वार्टरपुरता काढून टाका, आणि क्लायंटना आधी कंपनीकडून मेल जाऊ दे. हे चौघांनी मिळून लेखी द्यावं की आधी एकट्याने बोलावं? कुणी असं मागून मिळवलंय का?