८० डॉलरचं पिंप, मग एक लिटर कितीला?

अनघा_क:
खनिज तेल ८० डॉलर प्रति पिंप असताना एक लिटर कितीला पडतं? मी १५९ ने भागून ५० सेंट काढले. मित्र म्हणतो की हा भागाकारच फसवा आहे, कारण पिंपातून निम्मंही पेट्रोल निघत नाही. कोणाचं बरोबर?

खारावारा:
तुमच्या दोघांचंही चुकतंय. पिंप २०० लिटरच्या वर असतं. मी गोदामात काम करतो, आमच्याकडे वंगणाची लोखंडी पिंपं येतात आणि त्यांच्यावर २०८ लिटर छापलेलं असतं. म्हणजे ८० भागिले २०८, साडेअडतीस सेंट.

मोजमाप:
खारावारा, तुम्ही पाहता ते पिंप खरं आहे, पण भाव त्या पिंपाचा नसतो. तुमचं लोखंडी पिंप ५५ अमेरिकन गॅलनचं. तेलाचा भाव ज्या पिंपावर ठरतो ते ४२ गॅलनचं, आणि तसं पिंप आज कोणी भरतही नाही. तेल नळातून आणि जहाजातून जातं. ते फक्त हिशेबाचं माप उरलंय. पेनसिल्व्हेनियातल्या उत्पादकांनी १८६६ मध्ये ४० गॅलनचा भाव धरून वर २ गॅलन गळतीपोटी द्यायचे असं ठरवलं, तेव्हापासून ४२ चा आकडा चालत आला. मराठीत दोन्हींना पिंपच म्हणतात, म्हणून हा घोळ फार जणांचा होतो.

दुसरा घोळ गॅलनचा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकन ३.७८५ चा. ब्रिटिश धरलात तर पिंप १९१ लिटरचं होतं आणि उत्तर ४२ सेंट येतं. ८० डॉलरला तुमचं उत्तर ३८ किंवा ४२ च्या आसपास आलं, तर माप चुकलंय असं समजा. बरोबर आकडा १५८.९८७ लिटर, म्हणजे ५०.३ सेंट. अनघाताईंचा भागाकार बरोबर आहे.

हिशेबी:
भागाकार बरोबर असेल, पण त्याचा अर्थ काय? लोक लिटरचा भाव काढतात तो पेट्रोलशी ताडून बघायला. पिंपातून पेट्रोल निघतं साधारण ४५ टक्के, म्हणजे ७२ लिटर. तेव्हा ८० ला ७२ ने भागा. लिटरमागे कच्चा माल १ डॉलर ११ सेंटचा पडतो. अनघाताई, तो मित्र मीच. माझं म्हणणं कायम आहे.

मोजमाप:
मग उरलेले ८७ लिटर कुठे गेले? ते कोणी ओतून देत नाही. त्यातलं बरंचसं डिझेल आणि विमानाचं इंधन होतं, आणि ते पेट्रोलच्याच तोडीच्या भावाने विकलं जातं. तुमच्या पद्धतीने डिझेलवाल्याने हिशेब केला तर तोही अख्खे ८० डॉलर डिझेलवर टाकेल. मग एकाच पिंपाची किंमत दोनदा वसूल झाली.

तरी तुमच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. तळाला उरणारं जड तेल बरेचदा कच्च्या तेलापेक्षाही स्वस्त जातं, आणि त्यातली तूट पेट्रोल-डिझेललाच भरून काढावी लागते. आकडे मी सोपे धरतो. १५९ लिटरपैकी ४० लिटर जड माल आहे आणि तो ४० सेंटने विकला जातो असं माना. त्याचे आले १६ डॉलर. उरलेले ६४ डॉलर ११९ लिटर हलक्या इंधनावर पडले, म्हणजे लिटरमागे ५३.८ सेंट. तुमचा मुद्दा धरूनही फरक साडेतीन सेंटचा होतो. १ डॉलर ११ सेंटच्या जवळपासही आपण जात नाही.

आणि अजून एक गोष्ट उलट्या दिशेने ओढते. शुद्धीकरणात जड रेणू फोडून हलके केले जातात, वर हायड्रोजन घातला जातो, त्यामुळे मालाचं आकारमान वाढतं. वजन जवळपास तेच, पण लिटर जास्त. अमेरिकेतल्या रिफायनऱ्यांत ४२ गॅलन तेलातून सुमारे साडेचव्वेचाळीस गॅलन माल निघतो. म्हणजे १५९ चे सुमारे १६८ लिटर. त्यातून जड ४० वजा करा, उरले १२८. ६४ भागिले १२८, बरोबर ५० सेंट. ज्या साध्या भागाकाराला तुम्ही फसवा म्हणालात, तिथेच आपण परत आलो.

प्रवासी७:
हे सगळं ठीक, पण माझा अनुभव वेगळाच आहे. तेल १० टक्क्यांनी उतरल्याची बातमी आली की मी पंपावर जाऊन बघतो, तर दर जेमतेम हललेला असतो. मग हा भागाकार करून उपयोग काय? कोणीतरी मधल्यामधे खातंय हे उघड आहे.

मोजमाप:
प्रवासी, अनघाताईंचा प्रश्न हा नव्हता, पण तुमच्या शंकेला उपयोगी पडतो तो हाच भागाकार. पिंपामागे १ डॉलर म्हणजे लिटरमागे ०.६३ सेंट. हा एवढा आकडा लक्षात ठेवा, मग दर वेळी भागायला नको. ८० वरून ७२ झालं, म्हणजे ८ डॉलर उतरले, म्हणजे लिटरमागे ५ सेंट. पंपावरचा दर दीड डॉलर असेल तर ५ सेंट हे त्याचे ३.३ टक्केच झाले. शुद्धीकरण, वाहतूक, कर यांतलं बरंच काही तेलाबरोबर खाली येत नाही. म्हणून टक्क्याला टक्का लावून बघू नका, सेंटला सेंट लावा. पुढच्या काही आठवड्यांत ५ सेंटही उतरले नाहीत, तर मात्र तुमचा संशय रास्त आहे. काही आठवडे म्हणतोय, कारण आज टाकीत असलेलं पेट्रोल आधीच्या भावाने घेतलेल्या तेलाचं असतं.

अनघा_क:
बातमीत येतो तो ब्रेंटचा भाव. तोच धरायचा ना?

मोजमाप:
अंदाजाला चालतो. पण ब्रेंट म्हणजे उत्तर समुद्रातल्या तेलाचा भाव, रिफायनरीच्या दारात आलेल्या तेलाचा नव्हे. जहाजभाडं आणि विमा आधी पिंपामागे मिळवा, मग भागा. २ डॉलर मिळवले तरी लिटरमागे सव्वा सेंट वाढतो.

खारावारा:
लोखंडी पिंपाचं कळलं, चूक मान्य. पण गोदामातली अजून एक गोष्ट सांगतो. उन्हात पिंपं फुगतात, म्हणून आम्ही ती काठोकाठ भरून घेत नाही. मग हे १५९ लिटर कुठल्या हवेतले?

मोजमाप:
नेमका प्रश्न विचारलात. ६० अंश फॅरनहाइटचे, म्हणजे १५.६ सेल्सिअसचे. तेच तेल २० अंशांनी तापलं तर दीड टक्क्याहून थोडं जास्त फुगतं आणि १५९ चे १६१.५ लिटर होतात. लिटरचा भाव एका सेंटनेही हलत नाही, म्हणून घरच्या हिशेबात सोडून द्या. पण २० लाख पिंपांच्या जहाजावर हाच फरक ३२ हजार पिंपांचा, म्हणजे साडेपंचवीस लाख डॉलरचा होतो. म्हणून तिथे टाकीचं तापमान मोजून आकडा दुरुस्त केल्याशिवाय बिल होत नाही.

हिशेबी:
७२ ने भागणं सोडलं, दोनदा वसुलीचा मुद्दा पटला. पण तुमच्या १६८ लिटरवर माझा आक्षेप आहे. त्या साडेचव्वेचाळीस गॅलनमध्ये रिफायनरीचा वायू आणि तळाला उरणारा कोळशासारखा कोकही मोजलेला असतो. वायू बहुतेक भट्टीतच जळतो, तो विकला जात नाही. कोक स्वस्तात जातो. ते वगळलं तर तुमचे १२८ लिटर १२० च्या आसपास येतील आणि भाव पुन्हा ५३ सेंट होईल.

मोजमाप:
वायू वगळला पाहिजे, हे मान्य. कोक मी जड मालाच्या ४० लिटरमध्येच धरला होता, तो दोनदा वजा करू नका. माझ्या मते उत्तर ५० आणि ५३ च्या मधे कुठेतरी आहे, आणि नेमकं कुठे ते रिफायनरीगणिक बदलेल. जड तेल फोडायची सोय असलेली रिफायनरी ५० च्या बाजूला, नसलेली ५३ च्याही पुढे.

हिशेबी:
मग मी ५३ धरतो. जड माल ४० सेंटने जातो हे तुम्ही मानलेलं आहे, आणि तो ३० ने गेला तर माझं पारडं अजून जड होतं.