मदत हवी आहे: आठाऐवजी सातच गुणाकार करतोय, तरी वेळ तिप्पट लागतोय

यंत्रमित्र

नमस्कार मंडळी. एका यंत्राच्या बिघाडाचं मॉडेल करतोय. यंत्राचे १२ भाग, प्रत्येक भाग चालू किंवा बंद, म्हणजे एकूण ४०९६ स्थिती. तासाभरात एका स्थितीतून दुसरीत जाण्याची शक्यता किती, याचं ४०९६ × ४०९६ चं मॅट्रिक्स P माझ्याकडे आहे. एक भाग बंद पडला की शेजारच्यांवर भार येतो, त्यामुळे भाग सुटे धरून हिशोब करता येत नाही. P चा वर्ग, त्याचा वर्ग, असं करत साधारण वर्षभरापर्यंत पोचायचं आहे, आणि हे शेकडो वेगवेगळ्या P साठी. म्हणून गुणाकाराचा वेळ कमी करायचा आहे.

स्ट्रासेनची १९६९ ची पद्धत वापरली. मॅट्रिक्सचे चार ब्लॉक करायचे, आठ ब्लॉक-गुणाकारांच्या जागी सात करायचे आणि त्या सातांना पुन्हा तेच लावायचं.

```python
def st(A, B, leaf=64):
    n = len(A)
    if n <= leaf:
        return A @ B
    m = n // 2
    a, b, c, d = A[:m,:m], A[:m,m:], A[m:,:m], A[m:,m:]
    e, f, g, h = B[:m,:m], B[:m,m:], B[m:,:m], B[m:,m:]
    M1 = st(a+d, e+h, leaf); M2 = st(c+d, e, leaf)
    M3 = st(a, f-h, leaf);   M4 = st(d, g-e, leaf)
    M5 = st(a+b, h, leaf);   M6 = st(c-a, e+f, leaf)
    M7 = st(b-d, g+h, leaf)
    return np.block([[M1+M4-M5+M7, M3+M5],
                     [M2+M4, M1-M2+M3+M6]])
```

४०९६ पासून ६४ पर्यंत सहा पायऱ्या होतात. दर पायरीला काम सात अष्टमांश, म्हणजे शेवटी निम्म्याहून कमी राहायला हवं. प्रत्यक्षात नुसतं `A @ B` एका कोअरवर १.४ सेकंदात होतं आणि हे चार सेकंदांच्या वर जातं. कुठे पाणी मुरतंय?

भरधाव

सोपं आहे. ब्लॉक कॅशमध्ये मावत नाहीयेत. ६४ ऐवजी ३२ किंवा ४८ करून बघा. मी सी मध्ये तीन लूपचा गुणाकार असाच ब्लॉक पाडून लिहिला होता, वेग कितीतरी वाढला.

सुट्टे_अंक

भरधाव, तुम्ही म्हणताय ते ब्लॉकिंग निराळं. त्यात गुणाकार आठच राहतात, फक्त डेटा कॅशमध्ये असताना तो पुरेपूर वापरून घेतला जातो. ते काम `@` च्या पोटातलं BLAS आधीच करतं. यंत्रमित्रांचा प्रश्न एक अख्खा ब्लॉक-गुणाकार वाचवण्याचा आहे. leaf आणखी लहान केला तर त्यांचा वेळ वाढेल.

यंत्रमित्र, सात अष्टमांश हा हिशोब फक्त गुणाकारांचा झाला. तुमच्या कोडमधल्या बेरजा-वजाबाक्या मोजा: A च्या बाजूला पाच, B च्या बाजूला पाच, शेवटी जुळवताना आठ. एकूण १८. एक गुणाकार वाचवायची किंमत म्हणजे या १८ बेरजा. साध्या पद्धतीत चारच लागतात, आणि त्याही BLAS गुणाकार करता करता उरकतं.

कागदावर बेरीज स्वस्त वाटते, कारण m आकाराच्या ब्लॉकला ती m² क्रिया घेते आणि गुणाकार 2m³. नुसत्या क्रिया मोजल्या तर १६ × १६ पासूनच स्ट्रासेन फायद्यात दिसतो. पण गुणाकारात मेमरीतून आणलेला प्रत्येक आकडा शेकडो वेळा वापरला जातो, बेरजेत एकदाच. त्यामुळे बेरजेत प्रोसेसर बहुतेक वेळ मेमरीची वाट बघत बसतो.

तुमच्याच मशीनवर मोजा. २०४८ आकाराची तीन मॅट्रिक्स आधीच बनवून ठेवा आणि `np.add(X, Y, out=Z)` ला किती वेळ लागतो ते कळवा. पहिली फेरी सोडून द्या.

यंत्रमित्र

५ मिलिसेकंदांच्या आसपास.

सुट्टे_अंक

मग हिशोब जुळला. २०४८ चं एक मॅट्रिक्स ३२ एमबी. दोन वाचायची, एक लिहायचं, म्हणजे एका बेरजेला साधारण १०० एमबीची ने-आण. ५ मिलिसेकंदांत म्हणजे सेकंदाला २० जीबी. एका कोअरला हे ठीकच आहे.

आता पहिली पायरी. ४०९६ चा गुणाकार १.४ सेकंद, तर २०४८ चा त्याच्या अष्टमांश, १७५ मिलिसेकंद. ही तुमची बचत. खर्च १८ बेरजा, प्रत्येकी ५, म्हणजे ९०. हातात राहिले ८५. फायदा आहे, पण १.४ सेकंदांपुढे तो सहा टक्क्यांचा.

दुसरी पायरी. आकार निम्मा केला की गुणाकाराचा वेळ आठपट कमी होतो, बेरजेचा फक्त चारपट. म्हणजे बचत २२ मिलिसेकंद आणि खर्चही २२. हाती काहीच नाही. तिसऱ्या पायरीला बचत तीनच्या आत आणि खर्च साडेपाच. तिथून खाली प्रत्येक पायरीला तुम्ही पदरचे घालताय, तेही सातपट सातपट जास्त ठिकाणी. सहा पायऱ्यांत बेरजांचीच संख्या साडेतीन लाखांवर जाते. लहान ब्लॉक कॅशमध्ये राहतात हे खरं, पण तिथे पायथॉनच्या प्रत्येक कॉलचा खर्च आडवा येतो.

म्हणून leaf=2048 ठेवा, म्हणजे एकच पायरी. आणि a+d सारखं दरवेळी नवं मॅट्रिक्स बनवू नका. एवढी मोठी जागा दरवेळी नव्याने मागितली की ऑपरेटिंग सिस्टिम पानं नव्याने लावून देते आणि तुमच्या ५ चे १० मिलिसेकंद सहज होतात. दोन-तीन तात्पुरती मॅट्रिक्स एकदाच घेऊन `out=` ने तीच फिरवा. विनोग्राडच्या मांडणीत १८ च्या १५ बेरजा होतात, ती वापरली तर आणखी थोडं सुटेल. गुणाकार मात्र सातच्या खाली जात नाहीत, २ × २ साठी ते १९७१ मध्येच सिद्ध झालंय.

माणदेशी

माझाही असाच प्रश्न आहे म्हणून इथेच विचारतो. एसटीच्या थांब्यांमधली कमीत कमी अंतरं काढताना मीही मॅट्रिक्सचा वर्ग करत जातो, फक्त गुणाकाराच्या जागी बेरीज आणि बेरजेच्या जागी 'त्यातलं लहान ते'. मला सात गुणाकार चालतील का?

सुट्टे_अंक

नाही चालणार. M1 मध्ये नको असलेले गुणाकारही येतात, a×h, d×e वगैरे, आणि ते नंतर वजा करून घालवावे लागतात. 'लहान ते' घेतल्यावर जे मोठं गेलं ते परत मिळवता येत नाही, म्हणजे तिथे वजाबाकीच नाही. ब्लॉकवर ही युक्ती चालते ती मात्र दुसऱ्या कारणाने: कुठेही गुणाकाराची बाजू बदललेली नाही, A चा तुकडा कायम डावीकडे आणि B चा उजवीकडे. मॅट्रिक्सना तेच लागतं.

झाडाखाली

वेगाचं राहू द्या, स्ट्रासेन मुळात अस्थिर आहे. आमच्याकडे शिकवतानाच सांगितलं होतं की खऱ्या कामात वापरायचा नाही. चुका वाढत जातात आणि उत्तर काहीही येतं.

सुट्टे_अंक

झाडाखाली, अर्धं बरोबर आहे. 'काहीही' येत नाही. चूक मॅट्रिक्समधल्या मोठ्या आकड्यांच्या मानाने लहानच राहते, आणि एक-दोन पायऱ्यांत फार वाढतही नाही. बऱ्याच कामांना तेवढं पुरतं. पुरत नाही ते एकाच मॅट्रिक्समध्ये मोठे आणि अतिलहान आकडे शेजारी असतात तेव्हा.

हे हातानेच करून बघण्यासारखं आहे. A म्हणून एकक मॅट्रिक्स घ्या आणि B म्हणून

```
1      1e-9
1e-9   1e-18
```

उत्तर B च यायला हवं. उजवा खालचा कोपरा M1-M2+M3+M6 ने निघतो. M1 म्हणजे 2 × (1 + 1e-18). डबलमध्ये ते नुसतं 2 होतं आणि 1e-18 तिथेच बुडतं. M2 = 1. M3 = 1e-9 - 1e-18, M6 = -(1 + 1e-9). सगळं मिळवलं की उत्तर 0. साध्या गुणाकारात 0 × 1e-9 + 1 × 1e-18, म्हणजे अचूक 1e-18. एकाने गुणलं आणि आकडा गायब झाला.

यंत्रमित्र, आता मला तुमच्या P ची काळजी वाटते. एका तासात पाच-सहा भाग एकदम जाण्याची शक्यता किती आहे?

यंत्रमित्र

एका भागाची हजारात एकच्या आसपास, म्हणजे सहा भागांची 1e-18 सारखीच. आणि कर्णावरचे आकडे ०.९ च्या वर, कारण बहुतेक तासांत काहीच होत नाही.

आधी वेगाचं सांगतो: leaf=2048 आणि `out=` केल्यावर १.३३ सेकंद आलं. म्हणजे तुमचा हिशोब बरोबर निघाला. मग P² मध्ये ऋण आकडे शोधले आणि सापडले, उणे 1e-16 सारखे. शक्यता ऋण कशी असेल? `P @ P` मध्ये एकही नाही.

सुट्टे_अंक

तोच पुरावा. सगळे आकडे धन असताना साध्या गुणाकारात वजाबाकी कुठे होतच नाही, त्यामुळे 1e-18 वाला आकडासुद्धा बहुतेक अंकांपर्यंत बरोबर येतो. स्ट्रासेन मोठे आकडे मिसळून परत वजा करतो, आणि उरतो तो मोठ्यांचा गाळ. ऋण दिसले ते पकडता आले. तितकेच चुकलेले पण धन असलेले आकडे नजरेला येणार नाहीत, म्हणून ऋणांच्या जागी शून्य भरून पुढे जाऊ नका.

सगळे भाग एकदम जाण्याची शक्यता हेच तुम्हाला हवं असेल, तर पाच टक्क्यांसाठी हा सौदा करू नका. फक्त 'यंत्र वर्षातून किती तास बंद' एवढंच हवं असेल, तर ते मोठ्या आकड्यांवरून ठरतं आणि स्ट्रासेन चालेल.

भरधाव

मी आधी प्रश्न नीट वाचला नव्हता. पण एका कोअरवर का अडकलात? सगळे कोअर लावा, मग स्ट्रासेनचा फायदाही त्याच पटीत वाढेल ना?

सुट्टे_अंक

सगळे कोअर जरूर लावा, पण साध्या `@` ला. आठ कोअरवर गुणाकार जवळजवळ आठपट वेगात होतो, मेमरीचा वेग मात्र तेवढा वाढत नाही, समजा दुप्पट. म्हणजे बचत अष्टमांश झाली आणि खर्च निम्माच. बरोबरीचा आकार चौपट वर सरकतो. एका कोअरवर तो २०४८ ला होता, तो ८१९२ ला जाईल, आणि ४०९६ वर पहिल्या पायरीलाच तोटा.

माणदेशी

float32 घेतलं तर? मेमरीची ने-आण निम्मी होईल.

सुट्टे_अंक

गुणाकारही दुप्पट वेगात होतो, म्हणजे दोन्ही बाजू निम्म्या. बरोबरीचा आकार तोच राहतो, वर अचूकता गेली.

यंत्रमित्र

मला दुर्मीळ बिघाडच हवे आहेत, त्यामुळे `@` वरच राहतो आणि कोअर वाढवतो. एक शंका मात्र राहिली. प्रत्येक स्थितीला एक वजन देऊन D⁻¹PD केलं तर घात तसेच घेता येतात, शेवटी D उलटवलं की झालं. बंद भागांच्या संख्येवरून वजन ठरवलं तर मोठे-लहान आकडे जवळ येतील का? बिघाडाच्या दिशेने येतील असं वाटतं, पण दुरुस्तीच्या दिशेने उलटे आणखी लांब जातील की काय? कुणी करून बघितलंय का?

झाडाखाली

मी मोजणीच्या एका कामात ओळींना अशी वजनं दिली होती, उपयोग झाला होता. पण तिथे एकदाच गुणायचं होतं. घात घेताना दोन्ही बाजूंनी एकच D वापरावा लागतो, तिथे हात बांधले जातात. १२ ऐवजी सहा भागांचं लहान मॉडेल करा, ६४ × ६४ होईल. त्यावर leaf=32 ठेवून दोन्ही पद्धतींनी प्रत्येक आकडा ताडून बघा आणि इथे टाका, मलाही बघायचं आहे.