तीस सेकंदांत ओळख, आणि गाव ठेवायचं की कापायचं?

डिचोलीची
सोमवारी वेर्ण्याला इंटरव्ह्यू, क्यूसीची, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायची पोस्ट. माझं पाठ केलेलं इंट्रो ११० शब्दांचं, ५२ सेकंद लागायचे. आता एकही शब्द न गाळता तीसमध्ये बसवलंय, फक्त थोडं भराभर म्हणायचं. कोणाला असंच करायचं असेल तर घड्याळ लावून रोज वीसदा म्हणा, जमतं!

फोंड्याचा मास्तर
बाय, हे वाचून चहा थंड झाला माझा. तीस सेकंदांत ११० म्हणजे मिनिटाला २२० शब्द. कदंबाचा कंडक्टरसुद्धा थांब्यांची नावं एवढ्या वेगाने घेत नाही. इंग्रजीत निवांत बोललं तर तीस सेकंदांत पासष्ट-सत्तर शब्द होतात. मराठीत पन्नासच्या आत, कारण आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. म्हणजे कापायचे आहेत शब्द. श्वास कापून चालणार नाही.

मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि वाक्यांचे शेवट ऐक. घाईत माणूस शेवटचा शब्द गिळतो, आणि नेमकं कंपनीचं किंवा मशीनचं नाव तिथेच असतं. समोरचा 'सॉरी?' म्हणाला की समजायचं, गिळलं.

पणजी रिसेप्शन
मास्तर, शब्द मोजून कोण बोलतं हो? मी हॉटेलात पंधरा वर्षं मुलं घेतेय. पहिले दहा सेकंद मी रेझ्युमेच शोधत असते. पाठ करूच नका, सुचेल ते बोला.

फोंड्याचा मास्तर
सुचेल ते बोलणाऱ्याचे दोन मिनिटं होतात, हे तुम्हालाच माहीत असेल. पण अर्धं खरं आहे: अख्खं पाठ केलं की जीभ पळते, कारण डोकं मोकळं असतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं, मधले दोन मुद्दे फक्त लक्षात.

वेर्णा शिफ्ट
मी क्यूसीतच आहे. डिचोलीची, तुझं इंट्रो टाक बघू.

डिचोलीची
नाव, मुक्काम डिचोली, वडील बँकेत, आई गृहिणी, दहावी, बारावी, बीएस्सी, एमएस्सी टक्क्यांसकट, दोन वर्षांचं काम, छंद ट्रेकिंग, 'हार्डवर्किंग'.

वेर्णा शिफ्ट
'दोन वर्षांचं काम' सोडून सगळं त्यांच्या समोरच्या कागदावर आहे की! नेमकं त्यालाच तीन शब्द. हे बघ:

'मी दोन वर्षं वेर्ण्यात क्यूसीमध्ये आहे. एचपीएलसीवर गोळ्यांचं अ‍ॅसे आणि डिझोल्यूशन बघते. गेल्या वर्षी एका बॅचचा निकाल कमी आला, तपास माझ्याकडे होता. गोळी ठीक होती, गाळलेल्या द्रावणाचे पहिले दोन एमएल टाकून द्यायचे राहिले होते. आता मला मेथड व्हॅलिडेशन करायचंय, तुमच्या जाहिरातीत तेच काम आहे.'

चव्वेचाळीस शब्द. 'राहिले होते' नंतर एक पूर्ण श्वास घे. ते थांबणं धरून माझ्या घड्याळात २७ सेकंद. बॅचची गोष्ट तुझी स्वतःची घाल, माझी नको, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येणार.

पेडणेवाला
सगळं ठीक, पण डिचोली का कापली?? गोव्यात गावाशिवाय ओळख? माझ्या इंटरव्ह्यूत साहेबांनी पहिलं विचारलं, 'खंयचो रे तूं?' मी मोरजी म्हटलं, त्यांची मावशी मोरजीला. नोकरी मिळाली.

पणजी रिसेप्शन
आणि ज्याची मावशी कुणाचीच नाही तो? असल्या 'कोणाचो तूं'नीच आपलं वाटोळं केलंय. गाव विचारलं की आडनाव, आडनावावरून पुढचं सगळं ओळखतात. माझ्या मुलीला एका ठिकाणी इंट्रो संपायच्या आत 'वाडा कुठला' विचारलं होतं.

पेडणेवाला
तुम्ही कुठल्या कुठे नेता! मी प्रेमाने म्हणतो. उगाच जातीपर्यंत कशाला जायचं?

पणजी रिसेप्शन
प्रेमाने विचारलेलं ज्याला फायद्याचं त्यालाच प्रेम वाटतं, बाब.

फोंड्याचा मास्तर
अहो, भांडा पण धागा पोरीचा आहे. गाव विचारलं तर सांगावं, आपणहून तीस सेकंदांत खर्चू नये. पेडण्याहून वेर्ण्याला रोज कसा येणार, ही शंका असेल तर मात्र 'मडगावात खोली घेतलीय' हे तीन शब्द कामाचे.

पेडणेवाला
बरं, मास्तरांनी परवानगी दिली, धन्य झालो. मोरजी मी ठेवणार.

डिचोलीची
वडिलांना कापलेलं ऐकवलं. नंतर विचारलं काय आठवतं, तर म्हणाले, 'त्या बॅचचं नेमकं काय झालं होतं?' आधीच्या इंट्रोनंतर त्यांना फक्त ट्रेकिंग आठवलं होतं. पण तरी ३४ सेकंद होतायत, थांबायची सवय नाही म्हणून थांबले की 'अं' येतोय.

वेर्णा शिफ्ट
३४ चालतील. त्या 'अं'च्या जागी तोंड मिटायचं. मलाही अजून जमत नाही.

पेडणेवाला
डिचोली ठेवली का?

डिचोलीची
विचारलं तर सांगणार.