मदत हवी आहे: डॅशकॅम मधेच बंद पडतो, फाइली उघडत नाहीत, एन्ड्युरन्स कार्ड टाकूनही तेच

तापीकाठ
नमस्कार मंडळी. ठिबकचे सुटे भाग दुकानांना पोचवण्याचा माझा धंदा आहे. चोपडा, जळगाव, भुसावळ अशी रोजची फेरी असते आणि दुपारी गाडी उन्हातच उभी राहते. काचेवर डॅशकॅम आहे, १०८०पी, दर ३ मिनिटांची एक फाइल करतो.

उन्हाळा लागल्यापासून तो चालता चालता बंद होऊन पुन्हा सुरू होतो. काही फाइली लॅपटॉपवर उघडतच नाहीत. आधी साधं ६४ जीबीचं कार्ड होतं. सगळ्यांनी सांगितलं म्हणून हाय एन्ड्युरन्स कार्ड आणलं, कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं, तरी फरक नाही.

आता खरी अडचण सांगतो. नशिराबादजवळ एका ट्रॅक्टरची ट्रॉली अचानक वळली आणि माझी उजवी बाजू घासून गेली. नेमकी त्याच वेळची फाइल उघडत नाही. ट्रॉलीवाला म्हणतो चूक माझी. ती फाइल मिळेल का? आणि दोष नक्की कार्डाचा, उन्हाचा की कॅमेऱ्याचा, हे ओळखायचं कसं?

धुळेकर_७७
दादा, कार्ड डुप्लिकेट असणार. ऑनलाइन हाय एन्ड्युरन्स म्हणून काहीही विकतात. बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, प्रश्न मिटेल. एन्ड्युरन्स कार्ड उन्हासाठीच बनवलेलं असतं, त्याला गरमीने काही होत नाही.

रावेरचा_केळीवाला
भो, मन्हा ते कॅमेराच काचवरतून खाले पडी जास. दुपारी ट्रकात बसलो की कॅमेरा डॅशबोर्डवर पडलेला. रबराची वाटी आहे त्याला. काय लावू?

मेहरूण_इलेक्ट्रॉनिक्स
तापीकाठ भाऊ, पहिली गोष्ट: ते कार्ड आत्ताच कॅमेऱ्यातून काढा. कॅमेरा जुन्या फाइलींवर लिहीत जातो, तुमची फाइलही पुसली जाईल. लॅपटॉपला लावल्यावर विंडोज 'ड्राइव्ह दुरुस्त करू का' विचारेल, त्याला नाही म्हणा. आधी अख्ख्या कार्डाची नक्कल एका फोल्डरमध्ये करून घ्या.

मग मला तीन गोष्टी सांगा. प्रवासाची शेवटची फाइल, म्हणजे चावी बंद करताना चालू असलेली, नेहमी खराब निघते का? मधल्या फाइलींच्या वेळांत खिंडार दिसतं का? आणि हे फक्त तापलेल्या गाडीत होतं की सकाळी गार हवेतही?

धुळेकर, डुप्लिकेटचा मुद्दा बरोबर आहे, तो तपासायलाच हवा. पण एन्ड्युरन्स म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिणं सोसण्याची ताकद. उन्हाचा आकडा वेगळा असतो. ८५ अंशांपर्यंत चालेल असं पुष्कळ साध्या कार्डांच्या माहितीतही छापलेलं असतं. गाडीत कार्डाआधी कॅमेरा दमतो, कारण बहुतेक कॅमेऱ्यांची मर्यादा ६० ते ७० अंशांच्या आसपास असते.

तापीकाठ
कार्ड काढलं, नक्कल केली. शेवटची फाइल जवळजवळ प्रत्येक फेरीत खराब आहे, कधी तर ० बाइट. मधेही खिंडारं आहेत, सकाळच्या फेरीतसुद्धा, पण दुपारी जास्त. ट्रॉलीच्या वेळची फाइल `20250514_134512.MP4`, आकार १९० एमबी. पुढची `20250514_134720.MP4`, ती उघडते. चांगल्या फाइली साधारण ३४० एमबीच्या आहेत.

मेहरूण_इलेक्ट्रॉनिक्स
छान, बरंच कळलं. ३ मिनिटांना ३४० एमबी, म्हणजे १९० एमबीला साधारण १०० सेकंद. १३:४५:१२ ला सुरू झालेली फाइल १३:४६:५२ च्या सुमारास तुटली आणि कॅमेरा १३:४७:२० ला पुन्हा उठला. चित्रं फाइलीत आहेत, पण त्यांची अनुक्रमणिका फाइल बंद होताना शेवटी लिहिली जाते, तेवढीच राहून गेली. म्हणून प्लेअर हात वर करतो. खात्रीसाठी हे चालवा:

```
ffmpeg -i 20250514_134512.MP4
```

`moov atom not found` असं आलं तर आशा आहे. untrunc नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल आधी द्यायची, मग तुटकी:

```
untrunc 20250514_134720.MP4 20250514_134512.MP4
```

मूळ तुटकी फाइल जशीच्या तशी जपून ठेवा, दुरुस्ती फक्त नकलेवर करा.

आता दोषाचं. कार्ड बिघडलं की खराब फाइली कुठेही, कशाही विखुरलेल्या असतात. पूर्ण आकाराची फाइलसुद्धा मधेच अडकते. नाहीतर फॉरमॅट केलं तरी जुन्या फाइली परत दिसतात, म्हणजे कार्डाने लिहून घेणंच बंद केलेलं असतं. तुमच्याकडे तसं नाही. तुमच्या कॅमेऱ्याला दर वेळी वीज तुटतेय, आणि मला वाटतं दोन वेगळ्या कारणांनी.

शेवटची फाइल दर वेळी खराब म्हणजे कॅमेऱ्यातला कपॅसिटर गेलाय. चावी बंद झाल्यावर फाइल नीट मिटायला जे दोन-चार सेकंद लागतात, तेवढी वीज तो साठवून ठेवतो. अशा कपॅसिटरचं आयुष्य बहुधा ६५ किंवा ७० अंशांवर १००० तास असं मोजलेलं असतं आणि तापमान १० अंशांनी घटलं की ते ढोबळमानाने दुप्पट होतं, चढलं की निम्मं. आपल्याकडे मे महिन्यात काचेला चिकटलेल्या कॅमेऱ्याचं काय होत असेल ते बघा. अमेरिकेत ॲरिझोनात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ३८ अंशांवरच्या दिवसांत तासभर उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला होता. सावलीतल्या गाडीचा ४८. भुसावळचं ऊन त्याहून सौम्य नाही.

मधली खिंडारं मात्र सकाळीही पडतात, म्हणून तिथे मला वायरीचा संशय आहे. वायर किती लांब आहे, कुणी बसवली?

तापीकाठ
ॲक्सेसरीवाल्याने बसवली. कॅमेऱ्याची मूळ वायर आखूड पडत होती, त्याने मधे एक पातळ जोडवायर घातली. एकूण ४ मीटर तरी असेल.

मेहरूण_इलेक्ट्रॉनिक्स
मग हिशेब मांडू. स्वस्त जोडवायरीत बहुधा २८ गेजची तार असते, मीटरला साधारण ०.२१ ओहम. सगळी वायर तशीच धरली तर वीज जाऊन परत यायला ८ मीटर, म्हणजे १.७ ओहम. कॅमेरा एरवी ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे ०.७ व्होल्ट वाटेतच संपले. सुरू होताना किंवा रात्रीचे दिवे लागल्यावर ०.८ अँपिअर घेतला की १.४ व्होल्ट गेले. ॲडॉप्टर ५.१ देतोय आणि कॅमेऱ्याला ३.७ मिळतायत. त्यावर तो कसा टिकणार? वर तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, ४० अंशांच्या फरकाला साधारण १६ टक्के. म्हणून दुपारी जास्त.

२० गेजची एकसंध वायर असेल तर हेच नुकसान ०.१ ते ०.२ व्होल्टवर येतं. यूएसबी मीटर मिळतो, तो कॅमेऱ्याच्या टोकाला लावून कॅमेरा चालू असताना वाचा. नुसत्या ॲडॉप्टरवर वाचून उपयोग नाही. मीटर नसेल तर वायर बाजूला ठेवा, पॉवर बँक आणि हातभर आखूड केबल घेऊन दोन-तीन फेऱ्या करा. मात्र पॉवर बँक उन्हातल्या गाडीत सोडून जाऊ नका.

शिरपूरची_लेक
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. उन्हासाठी मी काचेला चांदीचा पडदा लावते, तरी माझा कॅमेरा दुपारनंतर सुरूच होत नाही. एसी लावून गाडी थंड झाली की आपोआप उठतो. हीसुद्धा वायरच का?

मेहरूण_इलेक्ट्रॉनिक्स
नाही ताई, ही गरमीच. गार झाल्यावर उठतो म्हणजे तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद राहतोय. पडदा लावल्यावर कॅमेरा काच आणि पडदा यांच्या मधे येतो, आणि गाडीतली सगळ्यात तापणारी जागा तीच. पडदा काचेच्या बाहेरून लावा, नाहीतर कॅमेरा काढून सीटखाली ठेवा. आणि आत लिथियमची बॅटरी असलेला कॅमेरा असेल तर पाठ फुगलीय का ते जरूर बघा. फुगली असेल तर तो वापरू नका, चार्जही करू नका.

धुळेकर_७७
म्हणजे एन्ड्युरन्स कार्डाचे जास्तीचे पैसे पाण्यातच?

मेहरूण_इलेक्ट्रॉनिक्स
तसं नाही. यांच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तासाला पावणेसात जीबीच्या आसपास होतं, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड नऊ-साडेनऊ तासांत एकदा पूर्ण फिरतं. रोज पाच तास गाडी चालली तर वर्षाला दोनशेच्या आतबाहेर वेळा. साधं कार्ड एवढ्याने लगेच मरत नाही, पण बऱ्याच साध्या कार्डांची वॉरंटी डॅशकॅमला लागूच नसते. एन्ड्युरन्स कार्ड घ्यावंच. फक्त वीज तुटत असेल तर फाइल कुठल्याही कार्डावर तुटणार. कार्ड खरं आहे का, ते रिकामं करून विंडोजवर H2testw ने तपासता येतं, पूर्ण भरून पुन्हा वाचून बघतं.

केळीवाले आप्पा, रबराची वाटी काढा, फोमचा दुहेरी चिकटपट्टा लावा. काच स्पिरिटने पुसायची आणि लावल्यावर एक दिवस कॅमेऱ्याचं वजन द्यायचं नाही. तुमच्या ट्रकात २४ व्होल्ट असतील, तेव्हा ॲडॉप्टरवर १२ ते २४ लिहिलेलं आहे ना, तेही बघा.

तापीकाठ
मंडळी, पॉवर बँकेवर फिरून बघितलं. मधली खिंडारं पूर्ण थांबली! शेवटची फाइल मात्र केबल ओढली की तशीच तुटते. मीटरही मिळाला, जुन्या वायरीच्या टोकाला ४.४ व्होल्ट. नवीन एकसंध वायर मागवली आहे.

आणि फाइल उघडली. आवाज मागेपुढे होतो, पण ट्रॉली इशारा न देता वळताना आणि गाडीला लागताना स्वच्छ दिसते. मेहरूण भाऊ, तुमचे उपकार विसरणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. कपॅसिटर जळगावात कुणी बदलून देईल का? आणि अशी जुळवलेली फाइल विम्याचा सर्व्हेअर मान्य करतो का?

मेहरूण_इलेक्ट्रॉनिक्स
वायर बसवताना पुढच्या खांबात पडद्याची एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्या, पुढून नको. कपॅसिटर मोबाइल दुरुस्तीवाला बदलू शकतो, पण त्याच व्होल्टचा आणि निदान तेवढ्याच फॅरडचा हवा, शिवाय ८५ अंशांचा मिळाला तर तोच घ्या. तोवर चावी बंद करण्याआधी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगचं बटण दाबून थांबवत जा, फाइल नीट मिटेल.

विम्याचं मी सांगू शकत नाही. तुटकी, जुळवलेली आणि तिच्या पुढची, तिन्ही फाइली सोबत द्या आणि कार्ड वेगळं काढून ठेवा.

भुसावळ_जंक्शन
माझ्या भावाच्या वेळी सर्व्हेअरने व्हिडिओ बघितला, पण पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रतही मागितली होती. तक्रार दिलीय का दादा?