मदत हवी: फोटोवरून फुटबॉलची शिलाई हाताची की मशीनची, कसं ओळखायचं?

पेठेतला_गोली: मंडळाच्या पोरांसाठी पाच नंबरचे दहा फुटबॉल घ्यायचे आहेत. जालंधरच्या एका विक्रेत्याने ‘हाताची शिलाई’ म्हणत पूर्ण बॉल, व्हॉल्व्ह आणि लोगो असे तीन फोटो पाठवलेत. गेल्या वर्षी असेच फोटो बघून घेतले आणि दोन महिन्यांत शिवणी उसवल्या. वर्गणीचे पैसे आहेत, या वेळी चूक नको. काय बघू?

मिसळप्रेमी_राजारामपुरी: सोपं आहे. टाके एकसारखे असले की मशीन, वाकडेतिकडे असले की हात.

जुना_टाका: तसं नसतं भावा. चांगल्या कारागिराचे टाके मशीनइतकेच सारखे पडतात. आणि हवा भरलेल्या बॉलचे टाके फोटोत दिसतच नाहीत. थोडी हवा काढायला सांगा. तीन पॅनल मिळतात तिथली शिवण अंगठ्यांनी फाकवून, आडव्या उजेडात जवळून फोटो मागवा. हाताच्या शिलाईचा मेण लावलेला जाड दोरा खोलवर दिसतो आणि फट फारशी पडत नाही. मशीनचा दोरा बारीक असतो, शिवण चटकन उघडते.
एका शिवणीवर मात्र विसंबू नका. मशीनचा बॉलही उलटा शिवून सरळ केला की शेवटची शिवण हातानेच बंद करतात. विक्रेता नेमकी तीच दाखवेल. एकाच बॉलच्या वेगवेगळ्या बाजूंच्या तीन शिवणी मागा.

केदार_लेदरबॉल: माझ्या पुतण्याच्या क्रिकेटच्या लेदर बॉललाही हेच लागू का?

जुना_टाका: नाही, तिथे टाके बाहेरच दिसतात. सहा ओळी मोजा. मग प्रत्येक अर्ध्या भागावर बारीक जोड आहे का बघा. असला तर चार तुकड्यांचा, नसला तर दोन तुकड्यांचा बॉल.

पेठेतला_गोली: फोटो आले. दोन शिवणींत बारीक दोरा आणि फट, तिसरीत जाड दोरा.

जुना_टाका: मग बॉल मशीनचाच, तिसरी बंद करायची शिवण. व्हॉल्व्ह आणि लोगो कसे आहेत?

पेठेतला_गोली: व्हॉल्व्ह पॅनलच्या मधोमध नाही, एका कडेकडे सरकलाय. लोगोची चांदणी दोन पॅनलवर आहे, तिची टोकं जुळत नाहीत. वर ‘FIFA Quality’ छापलंय.

जुना_टाका: छपाई शिवण्याआधी सपाट पॅनलवर होते. टोकं चुकली म्हणजे कापणी किंवा शिलाई मापात नाही. तेवढ्याने बॉल फुटत नाही, पण गोलाई बिघडलेली असू शकते. ते शब्द कुणीही छापू शकतो, फिफाच्या मान्य बॉलच्या यादीत हे मॉडेल शोधा.

मिसळप्रेमी_राजारामपुरी: पण मशीनचे बॉल सरावाला वाईट नसतात. आमचा एक वर्षभर टिकला.

जुना_टाका: मैदानावर अवलंबून. खडीवर रोज खेळणार असाल तर मी घेणार नाही. आतलं ब्लॅडर तर कुठल्याच फोटोत कळत नाही.

पेठेतला_गोली: मॉडेल त्या यादीत सापडत नाही. दहाची ऑर्डर थांबवली, एकच मागवतोय. हवा भरून तीन दिवस ठेवतो, मग इथेच कळवतो.