करार ‘समाप्त’ की ‘रद्द’?

प्रश्नकर्ती: आमची संस्था एका डिझायनरकडून माहितीपुस्तिका करून घेत होती. करार इंग्रजीत आहे. 30 दिवसांची नोटीस देऊन तो कुणालाही संपवता येतो. शेवटचं पत्र मराठीत द्यायचंय. नोटीस, टर्मिनेशन, इंडेम्निटी यांना काय लिहू?

शब्दवेडा: सूचना, रद्द, नुकसानभरपाई. तिन्ही शब्द आपल्याकडे आहेत, मग उसने कशाला?

दस्तलेखक: ‘रद्द’ला माझा ठाम विरोध. रद्द म्हटलं की करार मुळापासून गेला असा अर्थ निघतो. मग झालेल्या पानांचे पैसे कशाच्या आधारावर? ‘समाप्त’ लिहा, आणि पुढे ‘त्या तारखेपर्यंतची देणी-घेणी कायम राहतील’ हेही लिहा. ‘सूचना’ म्हणजे सल्लाही होतो. नोटीस सगळ्यांना कळते, तीच ठेवा.

नुकसानभरपाई तर वेगळीच गोष्ट. करार मोडला म्हणून द्यायची ती भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 मधली. इंडेम्निटी कलम 124 मध्ये. समजा, पुस्तिकेतला फोटो माझा आहे म्हणून उद्या तिसराच कुणी संस्थेवर दावा लावतो. तो खर्च डिझायनरनं सोसायचा, ही इंडेम्निटी. खरेदीखतात आपण पूर्वापार लिहितो, ‘तोशीस लागू देणार नाही, लागल्यास स्वखर्चाने निवारण करीन.’ इतकं नेमकं वाक्य घरात असताना बाहेर शोधायला नको.

नोकरदार: मी राजीनाम्यात नुसतं ‘नोटीस कालावधी 30 दिवस’ लिहिलं होतं. कार्यालयानं मेल उघडल्या दिवसापासून मोजलं आणि पाच दिवस जास्त बसवलं. तुम्ही राजीनामाच देताय ना?

दस्तलेखक: राजीनामा नाही, पण मुद्दा लागू आहे. दिवस कधीपासून मोजायचे ते करारात बघा. मिळाल्यापासून असतील आणि पत्र 3 जूनला मिळालं, तर तो दिवस सोडून 4 जून पहिला; तिसावा येतो 3 जुलैला. पत्रात ‘हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवस पूर्ण होताच करार समाप्त होईल’ असं लिहा आणि पोच घ्या.

शब्दवेडा: ‘रद्द’ मागे घेतो. ‘तोशीस’ मात्र पंचविशीतल्या डिझायनरला कळणार नाही. ‘क्षतिपूर्ती’ लिहा, बंधपत्रावर तोच शब्द असतो.

दस्तलेखक: क्षतिपूर्ती शीर्षकात चालेल. पण ती वाचून कुणी कुणाचा खर्च सोसायचा हे कळतं का? वाक्य लागेलच.

प्रश्नकर्ती: मग असं लिहिते: ‘करारातील कलम 9 मधील क्षतिपूर्तीची जबाबदारी समाप्तीनंतरही राहील. आपण दिलेल्या छायाचित्रांवर अन्य कोणी दावा केल्यास त्याची तोशीस संस्थेला लागू नये, तो खर्च आपण सोसावा.’

दस्तलेखक: चांगलं आहे. पण ‘समाप्तीनंतरही’ हे मूळ कलमात आहे ना? नसेल तर पत्रात लिहून ते आपोआप लागू होणार नाही.

प्रश्नकर्ती: कलम 9 त्याबद्दल काहीच बोलत नाही.