हाताने लिहिलेल्या निबंधाची शब्दमर्यादा

"निबंध स्पर्धेच्या पत्रकात ८०० शब्द म्हटलंय आणि हस्तलिखित चालेल म्हटलंय. मग मोजायचं कसं?"

ठाण्यात आमच्या वाचनालयाच्या स्पर्धेत 'माझ्या परिसरातला तलाव' हा विषय होता, तेव्हा माझ्या भाचीसाठी मी हेच केलं होतं. भरलेल्या पानावरच्या कुठल्याही तीन ओळी घ्या. तिच्या ओळींत ८, ९ आणि ७ शब्द निघाले, म्हणजे सरासरी ८. पानावर २२ ओळी, म्हणून १७६ शब्द. ८०० शब्दांना साधारण साडेचार पानं लागतात. परिच्छेदाची शेवटची अर्धी ओळ मोजणीला घेऊ नका, सरासरी घसरते.

टाइप करणार असाल तर एक सांभाळा. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच येतात. 'तलावाच्या काठावर' हे दोनच शब्द. मोबाइलवर घाईत ते 'तलावा च्या काठा वर' होतं, संगणक चार मोजतो. भाचीच्या टाइप केलेल्या प्रतीत अशा जागा जोडल्यावर ८३० चे ७९० झाले. ती आधी चांगला परिच्छेद कापायला निघाली होती! शुद्धलेखनही त्यातच सुधारलं.

ईमेलने पाठवताना युनिकोडमध्ये लिहा आणि पीडीएफ जोडा. जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ चिन्हांची रांग दिसते.

वयोगटाबद्दल वाचनालयात एवढंच विचारा, वय कोणत्या तारखेला धरणार. भाची १६ पूर्ण होण्याच्या बेतात होती, त्या एका तारखेवर तिचा गट ठरला.